रिसॉर्टच्या साइट इन्स्पेक्शनला दुभाषी म्हणून गेले आणि 'सी व्ह्यू'त अडकले

ओवी

नमस्कार. मी पुण्यात जर्मन शिकले, सी1 झालंय, आणि तीन-चार वर्षं कारखान्यांमध्ये मशीन बसवायला येणाऱ्या जर्मन इंजिनियरांसोबत दुभाषी म्हणून काम करते. एप्रिलमध्ये पहिल्यांदाच वेगळं काम मिळालं. पेडणे तालुक्यात समुद्राजवळ 48 खोल्यांचं एक रिसॉर्ट आहे. जर्मनीतून सहा जण आले होते, सगळे छोट्या ट्रॅव्हल कंपन्यांचे. पुढच्या हिवाळ्यासाठी खोल्या घ्यायच्या की नाही ते बघायला. त्यातले चौघे पूर्व जर्मनीतले, पन्नाशी-साठीतले, शाळेत रशियन शिकलेले, इंग्रजी कामापुरतं. मॅनेजर मराठी-कोंकणी बोलणारे, इंग्रजी येतं पण भराभरा बोलायला लागले की मराठीवरच येतात. म्हणून मला बोलावलं. पैसे रिसॉर्टने दिले.

खोल्या, किचन, बाग, बीच असा साडेतीन तासांचा फेरा झाला. दोन-तीन ठिकाणी माझं काय चुकलं ते मला अजून कळत नाहीये, म्हणून हा धागा.

पहिलं म्हणजे मागच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या. मॅनेजर म्हणाले, "ह्या सगळ्या सी व्ह्यू." मी सांगितलं 'मेअरब्लिक', म्हणजे समुद्राचं दृश्य. एक बाई बाल्कनीत गेल्या. समोर माड आणि सुरूची झाडं. समुद्र होता, पण कठड्याला डावीकडे टेकून मान बाहेर काढली की झाडांमधून हाताच्या पंजाएवढा दिसायचा. बाईंनी फोटो काढला, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "तुम्ही नक्की मेअरब्लिकच म्हणालात ना?" मी हो म्हटलं. दोन आठवड्यांनी त्यांचा प्रस्ताव आला त्यात त्या अकरा खोल्या बागेकडच्या खोल्यांच्या दराने मागितल्या होत्या. मॅनेजर फोनवर म्हणाले, "मॅडम, तुम्ही शब्द जरा जपून वापरायला हवा होता."

दुसरं, बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर. एकाने टेप लावली, 14 सेंटिमीटर. "लहान मुलांच्या दृष्टीने हे जास्त आहे, सीझनआधी बदलणार का?" मॅनेजर म्हणाले, "होऊन जाईल." मी म्हटलं, 'दास विर्ड गेमाख्ट', म्हणजे ते केलं जाईल. आता प्रस्तावात ओळ आहे की 30 सप्टेंबरपर्यंत सर्व कठडे बदलून फोटो पाठवावेत, 'मॅनेजरांनी तोंडी मान्य केल्याप्रमाणे'. मॅनेजर म्हणतात, मी कधी मान्य केलं?

किचनचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, ते जरा अवघड आहे.

सागरगोटा

मला समजत नाही, यात चूक काय? दुभाष्याचं काम शब्दाला शब्द सांगणं. ते सी व्ह्यू म्हणाले, तुम्ही सी व्ह्यू म्हणालात. विषय संपला.

माजघर

आमच्या तारकर्लीच्या होमस्टेला पण इन्स्पेक्शन झालं होतं बरं का. दोन अधिकारी आले, टॉवेल मोजले, अग्निशामक सिलिंडरची तारीख बघितली, सोलकढी प्यायले आणि गेले. दुभाष्याची काही गरज लागली नाही. तुम्हाला स्टार रेटिंग कितीचं मिळालं?

ओवी

माजघर, ते सरकारी नोंदणीचं झालं. हे खोल्या विकत घेणारे परदेशी लोक आहेत. ते येतात, बघतात, मग आपल्या गिऱ्हाइकांना जर्मनीत विकतात. रेटिंग वगैरे काही नाही.

तिरफळ

ओवी, मी वीसेक वर्षं हेच काम केलंय, बहुतेक दक्षिण गोव्यात, जर्मन चार्टरवाल्यांबरोबर. सागरगोटा म्हणतात तेवढं ते सोपं नाही. पहिल्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण ह्या कामाची मेख तिथेच आहे.

आपल्याकडे 'सी व्ह्यू' हा दर लावायचा शब्द आहे. जर्मनीत तो कोर्टात जायचा शब्द आहे. तिथे पॅकेज टूर विकणारी कंपनी स्वतः जबाबदार असते. युरोपीय संघाच्या 2015 च्या पॅकेज ट्रॅव्हल निर्देशानुसार, जो जुलै 2018 पासून लागू आहे, रिसॉर्टने कबूल केलेलं दिलं नाही तरी प्रवासी जाब विचारतो तो टूर कंपनीला. तिथे फ्रांकफुर्टच्या न्यायालयाने 1985 मध्ये केलेला एक तक्ता आहे, कुठल्या उणिवेला किती टक्के पैसे परत. बंधनकारक नाही, पण वकील आणि कंपन्या अजून त्याचा दाखला देतात. कबूल केलेलं समुद्राचं दृश्य नसलं तर 5 ते 10 टक्के. म्हणजे दोघांचं दोन आठवड्यांचं पॅकेज 3000 युरोचं असेल तर 150 ते 300 युरो त्या बाईंच्या खिशातून जाणार, आणि तेही एका जोडप्यामागे. अकरा खोल्या, पूर्ण सीझन, तुम्हीच हिशोब करा. म्हणून त्या कठड्याला टेकून मान बाहेर काढतात.

आता शब्द. जर्मनमध्ये याच्या तीन पायऱ्या आहेत. 'मेअरब्लिक' म्हणजे खोलीतून किंवा बाल्कनीतून समुद्र दिसतोच. 'झाइटलिशर मेअरब्लिक' म्हणजे बाजूने दिसतो. आणि 'मेअरझाइटे' म्हणजे खोलीचं तोंड समुद्राच्या दिशेला आहे, बस्स. मध्ये माड असोत, भिंत असो, समुद्र दिसेलच अशी हमी नाही. कॅटलॉगमध्ये हे तीन शब्द तोलूनमापून वापरतात. तुमच्या मॅनेजरांच्या मनात बहुतेक तिसरा होता किंवा दुसरा. तुम्ही पहिला दिलात.

यात तुमची चूक निम्मी. मराठीत बोलताना एका शब्दात तीन अर्थ होते आणि जर्मनमध्ये एक निवडणं भाग होतं. अशा वेळी निवडायचं नाही, विचारायचं. "बाल्कनीत उभं राहिलं की समोर दिसतो, का बाजूने?" एवढा एक प्रश्न. आणि तो जर्मन मंडळींना सांगून विचारायचा, की मी मॅनेजरांना एक खुलासा विचारते आहे. गुपचूप विचारलं की त्यांना वाटतं आपल्यापासून काहीतरी लपवताहेत.

पेडण्याचो

मी रिसॉर्टच्याच धंद्यात आहे म्हणून विचारतो. पैसे रिसॉर्ट देणार, आणि दुभाषी उभ्या उभ्या मॅनेजरला उलटतपासणीला घेणार? बायर समोर असताना? उद्या मी तुम्हाला बोलावणार नाही.

तिरफळ

पेडण्याचो, राग समजतो. पण त्या दिवशी विचारलं असतं तर मॅनेजर तिथेच म्हणाले असते "बाजूने", आणि खोल्या 'बाजूने समुद्र' ह्या मधल्या दरात गेल्या असत्या. आता बागेच्या दरात मागताहेत, कारण बाईंना वाटलं आपल्याला फसवत होते.

पेडण्याचो

ते 'झालं असतं' झालं. मला विचाराल तर दुभाष्याने आदल्या दिवशी येऊन सगळ्या खोल्या बघाव्या. मग विचारायची वेळ येणार नाही.

तिरफळ

ह्यावर एकमत. मी आदल्या संध्याकाळी रूम लिस्ट मागतो आणि प्रत्येक प्रकारातल्या एका खोलीच्या बाल्कनीत स्वतः उभा राहतो. पण आदल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही, हेही खरं.

जाईजुई

मी फ्रँकफर्टजवळ राहते, ह्या धंद्यातली नाही, पण प्रवासी म्हणून सांगते, इथे लोक सुट्टीवर गेले की पहिल्या दिवशी बाल्कनीतून फोटो काढून ठेवतात, तक्रारीसाठी. तिरफळ म्हणताहेत ते अगदी खरं.

एक गंमत. वेळा सांगताना मराठी माणसाला जर्मन सोपं जातं हे लक्षात आलंय का? 'हाल्ब एल्फ' म्हणजे साडेदहा. इंग्रजीतून विचार करणारा तिथे साडेअकरा करून बसतो. आपल्या 'अडीच'सारखंच आहे, तिसरं अर्धं. काही भागांत तर 'द्राईफिअर्टल त्स्वाय' म्हणतात, शब्दशः पावणेदोन! आणि चोवीस म्हणताना आधी चार मग वीस, तेही आपल्यासारखंच.

ओवी

जाईजुई, हो! नाश्ता साडेदहापर्यंत हे मी बिनचूक सांगितलं, तेवढंच एक समाधान 😄

तिरफळकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), मेअरझाइटे हा शब्द मला माहीतच नव्हता. मशीनच्या कामात लागत नाही. आणि 'होऊन जाईल'चं काय?

तिरफळ

काका चालेल. 'होऊन जाईल' हे आपल्या भाषेतलं सगळ्यात अवघड वाक्य आहे. त्याला कर्ता नाही, तारीख नाही. म्हणणारा सुताराला उद्या बोलावणार असेल तरी तेच म्हणतो, आणि विषय बदलायचा असेल तरी तेच. 'बघू' आणि 'करून देऊ' यांच्यामध्ये कुठेतरी ते असतं. तुम्ही दिलेलं जर्मन वाक्य मात्र साफ वचन आहे. 'प्रयत्न करू'चं जर्मन दिलं असतं तर ते उलट बाजूला झुकलं असतं, कारण तिथले लोक ते नकार म्हणून ऐकतात.

मी काय करतो सांगतो. मॅनेजरांना म्हणतो, "तारीख घालून सांगू, का अजून ठरायचंय असं सांगू?" दोनच पर्याय देतो. दहातले आठ जण थबकतात आणि म्हणतात, "मालकांना विचारून आठवड्यात कळवतो, असं सांगा." हे वाक्य जर्मन माणसाला आवडतं. त्यात कोण, कधी, दोन्ही आहे.

कठड्याच्या बाबतीत तर फार जपावं. बऱ्याच टूर कंपन्यांच्या सुरक्षा-यादीत गजांमधलं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं असतं, मुलाचं डोकं अडकू नये किंवा मूल आरपार जाऊ नये म्हणून. 14 असलं तर तो माणूस ते सोडून देणार नाही. तो प्रश्न गप्पांमधला नव्हता.

सागरगोटा

मग दुभाष्याने सगळं तिथेच लिहूनही द्यायचं का? वकीलच ठेवा ना.

तिरफळ

लिहून देणं दुभाष्याचं काम नाही. पण फेरा संपल्यावर चहाच्या टेबलावर दोन्ही बाजूंना "काय काय कबूल झालं ते एकदा मोठ्याने म्हणूया" असं मी सुचवतो. दहा मिनिटं जातात. त्यात 'मी कधी म्हटलं' तिथल्या तिथे निघतं.

ओवी

आता किचन. डोक्यावर टोप्या, पायात कव्हर घालून आम्ही आत गेलो. एक्झॉस्टच्या आवाजात कोणाचंच कोणाला ऐकू येईना, मी ओरडून ओरडून सांगत होते. शेफ मालवणकडचे, मराठीच बोलत होते. कोल्ड रूमच्या दाराला तापमानाचं रजिस्टर लटकवलेलं. एकाने ते उचललं, बोट ठेवत गेला: 4, 4, 4, 4. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते, आणि रजिस्टरमध्ये त्या दिवशीचे दुपारी दोनचे आणि संध्याकाळी सहाचे आकडे सुद्धा भरलेले होते! त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "सहा वाजले का?"

शेफ माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ताई, पोराने आधीच भरून टाकलंय, साहेबांना नका सांगू, काहीतरी सांगा." मी गप्पच राहिले. तीन-चार सेकंद असतील, पण मला तासभर वाटले. मग शेफनीच हसून इंग्रजीत "मिस्टेक, मिस्टेक" म्हटलं. त्या माणसाने दाराशेजारचा काटा बघितला, 7 दाखवत होता. तो काही बोलला नाही.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? शेफची नोकरी गेली असती तर?

पेडण्याचो

गप्प बसलात ते बरोबर केलंत. घरातली गोष्ट घरात.

तिरफळ

गप्प बसणं हेही भाषांतरच झालं ना. त्या माणसाने तुमचं गप्प बसणं पाहिलं, आणि ते रजिस्टरपेक्षा जास्त बोलकं होतं.

ह्याला इलाज त्या क्षणी नाही, आधी आहे. फेरा सुरू होण्यापूर्वी, लॉबीत, मी दोन्ही भाषांत एकदा सांगतो: "माझ्यासमोर जे बोललं जाईल ते मी सांगेन. जे सांगायचं नसेल ते माझ्यासमोर बोलू नका." हसत सांगायचं. मॅनेजर, शेफ, हाउसकीपिंगवाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एवढं सांगितलं की शेफ झुकून कानात बोलत नाही. बोललाच, तर मी मोठ्याने म्हणतो, "शेफ, हे त्यांना सांगू ना?" मग तो स्वतःच काहीतरी उत्तर देतो आणि ते मी सांगतो. खोटं मी घडवत नाही, आणि चहाडीही करत नाही.

रजिस्टरबद्दल एक सांगतो. एकसारखे चार-चार-चार हेच संशयाचं चिन्ह असतं. दिवसभर दार उघडबंद होणाऱ्या कोल्ड रूमचा आकडा 3, 5, 4, 6 असा हलतो. खरेदीचा ट्रक आला की चढतो. 5 अंशांच्या खाली ठेवायचं, मान्य, पण 6 लिहून शेजारी 'माल उतरवताना दार उघडं' असं लिहिलेलं असेल तर बायरचा विश्वास बसतो. हे शेफला इन्स्पेक्शनच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. ते काम दुभाष्याचं नाही, तरी मी सांगतो.

जाईजुई

किचनमध्ये अजून एक. मी भारतात आले होते तेव्हा माझ्या जर्मन मैत्रिणीला 'प्युअर व्हेज' टेबलावर अंडं मिळेना. तिच्या लेखी शाकाहारी म्हणजे अंडं, दूध, चीज सगळं चालतं. आणि दुसरी वीगन होती, तिला वेटर म्हणाला "मॅडम, फुल व्हेज", आणि डाळीला तुपाची फोडणी!

ओवी

अगदी हेच झालं! शेफ म्हणाले, "व्हेज काउंटर वेगळा आहे, वीगनलाही चालेल." मी तेवढंच सांगितलं. नंतर मलाच आठवलं की तिथे भाकरीला वरून तूप लावत होते. मग मी शेफना विचारलं आणि दुरुस्त करून सांगितलं. म्हणजे तिथे मी विचारलं, बाल्कनीत नाही विचारलं. तूप डोळ्यांना दिसत होतं म्हणून असेल.

तिरफळ

बरोबर केलंत. आणि एक्झॉस्टवर ओरडू नका, घसा जातो आणि निम्मं चुकतं. किचनमध्ये जायच्या आधी, दाराबाहेर, शेफला पाच मिनिटं बोलू द्यायचं: माल कुठून येतो, कुठे धुतात, कुठे शिजतं, बर्फ कुठल्या पाण्याचा. आत गेल्यावर फक्त प्रश्न. खोल्यांचंही तसंच. सहा जण एका खोलीत शिरले की दोन बाल्कनीत, एक गाद्या दाबतोय, एक बाथरूममध्ये गरम पाणी यायला किती सेकंद लागतात ते मोजतोय, आणि मॅनेजर पॅसेजमध्ये चालत चालत बोलतायत. तुम्ही कुठे उभ्या राहणार? मी मॅनेजरांना सांगतो, आधी दाराबाहेर बोला, मग तीन-तीन जणांना आत सोडा, आणि प्रश्न परत दाराशी. काही लोक माइक आणि कानातले रिसीव्हर असा संच वापरतात. बागेत तो उपयोगी पडतो, पण प्रश्न विचारणाऱ्याकडे माइक नसतो, त्यामुळे निम्मीच अडचण सुटते.

सागरगोटा

बीचचं काय झालं? तिथे तरी सोपं असेल. रिसॉर्टचा प्रायव्हेट बीच असतो, भरतीरेषेपासून 500 मीटर त्यांचाच.

तिरफळ

नाही हो. 500 मीटर हा सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा पट्टा आहे, 1991 च्या अधिसूचनेपासून. तिथे काय बांधता येतं यावर निर्बंध आहेत, म्हणून मालकी रिसॉर्टची होत नाही. किनारा सार्वजनिक आहे, कोणीही चालू शकतं. रिसॉर्टची स्वतःची वाट बीचवर उतरते, एवढंच खरं असू शकतं.

ओवी

आणि मॅनेजर नेमकं तेच म्हणाले, "हा आमचा प्रायव्हेट बीच." मी जसंच्या तसं सांगितलं. तेवढ्यात समोर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढत होते, तीस-चाळीस माणसं, बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, कुत्री, गिऱ्हाइकं, सगळं. जर्मन बाईंनी विचारलं, "हे कोण?" मॅनेजर म्हणाले, "आमचीच माणसं." मी तेही सांगितलं. सगळे जर्मन हसले. मॅनेजरांना वाटलं, त्यांना आवडलं.

पेडण्याचो

😂 खरं तर रापणच दाखवायला हवी होती. बायरला तीच आवडते. प्रायव्हेट म्हणायची काय गरज होती.

जाईजुई

पण ओवीला माहीत होतं की बीच सार्वजनिक आहे. मग खोटं आहे हे माहीत असून सांगणं बरोबर का?

तिरफळ

इथे माझं मत वेगळं आहे. समुद्र दिसतो की नाही हे शब्द नीट न पोचण्याबद्दल होतं, म्हणून विचारायचं. इथे शब्द नीट पोचला होता, विधानच चुकीचं होतं. ते मॅनेजरचं विधान आहे, माझं नाही. मी सांगतो आणि थांबतो.

जाईजुई

मला नाही पटत. प्रवासी म्हणून मी त्या बीचवर जाणार आहे.

मालवणी_पाटा

मी रशियन दुभाषी आहे. आमच्याकडे वेगळाच घोळ. मॅनेजर 'डिलक्स रूम' म्हणतो, नवखा दुभाषी 'ल्यूक्स' म्हणतो, आणि रशियनमध्ये ल्यूक्स म्हणजे स्वीट, दोन खोल्यांचा. बायर आत जातो आणि दुसरी खोली शोधत बसतो. शिवाय त्यांचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. "दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही" म्हटलं की आपला पहिला समजतात, खूश होतात, आणि आल्यावर जिने मोजतात.

तिरफळ

पाटा, जर्मनमध्ये मजल्यांचं आपल्यासारखंच आहे, तळमजला वेगळा आणि मग पहिला. तेवढी सुटका.

ओवी, पुढे काय ठरलं?

ओवी

मॅनेजरांना मेअरझाइटेबद्दल समजावून सांगितलं. ते म्हणाले, मग त्या बाईंना लिहा की खोल्या 'बाजूने समुद्र' आहेत. मी म्हटलं, अकराच्या अकरा नाहीत, टोकाच्या चारच आहेत, बाकीच्या सात फक्त तोंड समुद्राकडे. त्यांना हे आवडलं नाही, पण शेवटी तसं लिहायला सांगितलं. कठड्यांसाठी वेल्डरला बोलावलंय म्हणाले. तारीख विचारली तर म्हणाले, "होऊन जाईल."

ऑक्टोबरमध्ये दुसरा गट यायचाय. ह्या वेळी आदल्या दिवशी जाईन म्हटलंय, पैसे कोण देणार ते अजून ठरलेलं नाही. पेडण्याचो, तुमच्या रिसॉर्टमध्ये किती देतात हो त्याचे?

पेडण्याचो

जेवण देतो. मासे ताजे असतात.